राखाडी गोळा, क्रोमचा गोळा आणि फोंड्याची समई

प्रश्न: सर, फोंड्याला आम्ही तिघं मिळून एका जुन्या घराचं थ्रीडी करतोय. पितळेची समई सबस्टन्स पेंटरमध्ये झकास पिवळी दिसते, ब्लेंडरमध्ये आणली की काळवंडते आणि अनरियलमध्ये फिकी पडते. चिऱ्याच्या भिंतीचंही तेच. तिघांची तीन मतं होतात. राखाडी आणि क्रोमचा गोळा ठेवा असं सगळे सांगतात. ठेवलेही, पण त्यात बघायचं काय ते कळत नाही.

उत्तर:

राखाडी गोळ्यावर आकडा वाचायचा आणि क्रोमच्या गोळ्यात दिशा बघायची. तिन्ही प्रोग्राममध्ये राखाडी गोळ्याचा आकडा एकच आला आणि क्रोमच्या गोळ्यात उजेड एकाच जागी दिसला, की मगच समईकडे वळायचं. तोवर समईच्या मटेरियलला हातही लावायचा नाही. तुमच्याकडे बहुतेक उलटं झालंय. प्रकाश तीन ठिकाणी तीन तऱ्हेचा आहे आणि त्याची भरपाई प्रत्येक जण टेक्स्चरमध्ये करतोय. पणजीत ज्या टीमबरोबर मी काम करत होतो, तिथे आम्ही नेमकं हेच केलं होतं. एकाच्या व्ह्यूपोर्टमध्ये चिरा भडक दिसला म्हणून त्याचा बेस कलर काळपट केला, दुसऱ्याला तो मेलेला वाटला म्हणून त्याने लाल वाढवला. महिन्याभराने सगळ्या भिंती एका दृश्यात आणल्या तेव्हा एका घराला दोन गावांचे चिरे लागल्यासारखे दिसत होते. सगळं परत करावं लागलं.

आधी हे तीन रंग कुठून येतात ते सांगतो. पेंटर उघडल्यावर त्याचा स्वतःचा एचडीआरआय लागलेला असतो आणि टोन मॅपिंग सहसा बंद असतं, त्यामुळे पिवळा रंग आहे तसा कडक दिसतो. ब्लेंडरच्या नव्या दृश्यात वर्ल्ड गडद राखाडी असतं. धातूला स्वतःचा असा रंग फार थोडा, तो आजूबाजूचंच दाखवतो. आजूबाजूला अंधार असेल तर पितळ काळंच दिसणार. त्यात ब्लेंडर 4.0 पासून View Transform हे AgX वर असतं आणि ते उजळ, गडद रंगांचा भडकपणा मुद्दाम उतरवतं. अनरियलमध्ये ऑटो एक्स्पोजर चालू असतं. कॅमेरा काळोख्या कोपऱ्याकडे वळला की चित्र आपोआप उजळतं आणि समई फिकी पडते. म्हणजे तुमचं मटेरियल तिन्हीकडे कदाचित एकच आणि बरोबरही असेल. गोळ्यांशिवाय ते ठरवता येत नाही, एवढंच.

राखाडी गोळा बरोबर बनवणं

बहुतेकांची पहिली चूक इथेच होते. फोटोग्राफीतलं राखाडी कार्ड 18 टक्के प्रकाश परत फेकतं. म्हणजे गोळ्याचा बेस कलर लिनियर मापात 0.18 हवा. हाच रंग पडद्यासाठी एसआरजीबीमध्ये बदलला की 0 ते 255 च्या मापात 118 होतो, आणि हेक्समध्ये लिहायचं तर `#767676`. ब्लेंडरच्या रंगाच्या चौकटीत आरजीबीचे आकडे लिनियर असतात, तिथे 0.18 टाकलं की झालं. पेंटरमध्ये मात्र रंग निवडताना आपण पडद्यावरची किंमत देतो. तिथे 0.18 टाकलंत तर लिनियरमध्ये ते साधारण 0.027 होतं आणि गोळा जवळजवळ कोळशासारखा दिसतो. उलट ‘मधला राखाडी’ म्हणून 128 टाकलंत तर लिनियरमध्ये 0.216 होतात, म्हणजे हव्यापेक्षा वीस टक्के उजळ. हा फरक डोळ्याला जाणवत नाही, पण पुढची सगळी मोजणी तेवढीच घसरते. म्हणून पेंटरमध्ये सरळ `#767676` टाका.

गोळा पूर्ण मॅट हवा: मेटॅलिक 0, रफनेस 1. शिवाय त्याची चमक काढून टाकायची. साध्या अधातू मटेरियलवरून समोरून पडलेला साधारण 4 टक्के प्रकाश आरशासारखा परत येतो आणि तो 0.18 मध्ये मिसळतो. मग गोळ्यावर वाचलेला आकडा नुसत्या राखाडीचा राहत नाही. ब्लेंडरमध्ये Specular IOR Level, अनरियलमध्ये Specular आणि पेंटरमध्ये Specular level हा चॅनल; तिन्हीकडे 0.5 म्हणजे ते 4 टक्के, आणि आपल्याला हवंय 0. पेंटरमध्ये हा चॅनल टेक्स्चर सेटमध्ये आधी जोडावा लागतो. एवढं करूनही काही प्रोग्राममध्ये गोळ्याची कड थोडी उजळ राहते, कारण तिरप्या कोनात चमक वाढते हा हिशोब शेडर सोडत नाही. म्हणून वाचन कायम गोळ्याच्या मध्यभागी घ्या, कडेला नाही.

क्रोमचा गोळा त्याहून सोपा. मेटॅलिक 1, रफनेस 0, बेस कलर शुद्ध पांढरा, म्हणजे 1.0. खऱ्या क्रोमची परावर्तनक्षमता याच्या निम्म्याच्या थोडी वर असते, म्हणून काही जण तक्त्यातला 0.55 चा आकडा टाकतात. तसं करू नका. हा गोळा क्रोम दाखवायला नाही, भोवतालचा उजेड दाखवायला ठेवलाय. तो पांढरा ठेवला की एचडीआरआयमध्ये जी किंमत आहे तीच त्याच्यात दिसते आणि मनात गुणाकार करावा लागत नाही.

पांढऱ्या खोलीतली परीक्षा

खरा एचडीआरआय लावण्याआधी एक परीक्षा घ्या. पंधरा मिनिटं लागतात आणि पुढचे कित्येक दिवस वाचतात. ब्लेंडरमध्ये 512 बाय 256 ची, सगळीकडे 1.0 किंमत असलेली कोरी पांढरी प्रतिमा बनवा आणि रेडियन्स एचडीआर प्रकारात `pandhra.hdr` अशी साठवा. हीच फाइल तिन्ही प्रोग्राममध्ये भोवताल म्हणून लावा. दृश्यात जमीन नको, भिंत नको, दुसरा दिवा नको. नुसते दोन गोळे.

सगळीकडून सारखाच 1.0 प्रकाश येत असेल तर 0.18 च्या मॅट गोळ्यातून सगळीकडे 0.18 च बाहेर पडायला हवा. सावली नाही, गोलाई नाही. गोळा सपाट चकतीसारखा दिसतो आणि पडद्यावर 118 वाचतो. वाचायला स्क्रीनशॉट घेऊन कुठल्याही चित्रकामाच्या प्रोग्राममधला रंग उचलायचा ड्रॉपर पुरतो. ब्लेंडरमध्ये रेंडर झालेल्या चित्रावर माउसचं उजवं बटण दाबून धरलं की खालच्या पट्टीत लिनियर आकडाही दिसतो. 116 ते 120 च्या आत आलं तर मी पुढे जातो.

118 आलं नाही तर बहुतेक वेळा दोष प्रकाशात नसतो, पडद्यावर चित्र नेणाऱ्या शेवटच्या पायरीत असतो. ब्लेंडरमध्ये View Transform `Standard` करा, Look `None`, Exposure 0, Gamma 1. पेंटरमध्ये पोस्ट इफेक्ट बंद करा आणि कलर प्रोफाइल लावलं असेल तर काढा. अनरियलमध्ये पोस्ट प्रोसेस व्हॉल्यूम टाकून तो अमर्याद करा, Metering Mode `Manual` ठेवा, Apply Physical Camera Exposure बंद करा, Exposure Compensation 0 करा. मग त्याच व्हॉल्यूममध्ये Tone Curve Amount, Expand Gamut आणि Blue Correction तिन्ही 0 करा, म्हणजे सिनेमासारखी वळणाची रेषा निघून जाते. एवढं सगळं करूनही एखाद्या प्रोग्राममध्ये आकडा थोडा इकडेतिकडे राहिला, तर तिथला भोवतालाच्या तीव्रतेचा आकडा बदलून 118 वर आणा आणि तो आकडा कागदावर लिहून ठेवा. या परीक्षेत तुम्ही काय निवडलं याला महत्त्व नाही, गोळा काय सांगतो याला आहे.

क्रोमची परीक्षा मात्र 1.0 वर घेऊ नका. 1.0 म्हणजे पडद्यावर 255, आणि त्याच्यावर गेलेलं काहीच दिसत नाही. गोळा 1.3 फेकत असला तरी तो 255 च दाखवणार. त्यासाठी भोवताल 0.5 वर आणा. मग मागचं आकाश आणि क्रोमचा गोळा दोन्ही 188 वाचले पाहिजेत आणि गोळा मागच्या रंगात विरघळून गेला पाहिजे. त्याची कड दिसली तर शेडर कुठेतरी प्रकाश गिळतोय किंवा वाढवतोय, किंवा तुमचा बेस कलर पूर्ण पांढरा नाही.

तुमच्या अंगणाचा एचडीआरआय का चालणार नाही

आता खरा भोवताल. तुम्ही प्रश्नात लिहिलं नाहीत, पण गोव्यात जुन्या घराचं काम करणारा प्रत्येक जण एकदा तरी त्याच घराच्या अंगणात एचडीआरआय टिपतोच. मीही टिपला होता. त्या नकाशात क्रोमचा गोळा ठेवला तर खालचा अर्धा भाग लाल दिसतो. आपली जमीन जांभ्याची. उन्हात ती खालून नारिंगी प्रकाश फेकते, वर आकाश निळं, बाजूला माडांचा हिरवा. राखाडी गोळ्याचा माथा निळसर आणि पोट तांबूस. अशा उजेडात पितळ आधीच पिवळं-तांबडं, ते आणखी तापतं, आणि चिऱ्याचा लाल किती चिऱ्याचा आणि किती जमिनीचा हे सांगताच येत नाही. शेवटचं दृश्य त्या अंगणात रेंडर करायचं असेल तेव्हा तो एचडीआरआय सोन्यासारखा आहे. मटेरियल पारखायला नाही.

पारखायचा उजेड बिनरंगी हवा. नुसतं व्हाइट बॅलन्स करून भागत नाही. तिन्ही चॅनल वेगवेगळ्या आकड्यांनी गुणले की सरासरी राखाडी होते, पण माथा निळा आणि पोट लाल तसंच राहतं. म्हणून पूर्ण नकाशाचाच रंग काढायचा. ब्लेंडरच्या कंपोझिटरमध्ये एचडीआरआय घ्या, तो `RGB to BW` मधून न्या आणि पुन्हा रेडियन्स एचडीआर म्हणून साठवा. हा प्रकार लिनियर किंमतीच साठवतो, View Transform त्यात मिसळत नाही.

नकाशा निवडताना स्टुडिओचा घ्या. पॉली हेवनवर सीसी झीरो परवान्याने मोफत मिळणारे पुष्कळ आहेत. मी असा निवडतो, ज्यात एका बाजूला वरच्या अंगाला एक मोठा सॉफ्टबॉक्स, दुसऱ्या बाजूला त्याच्यापेक्षा मंद असा दुसरा आणि बाकी अंधुक खोली आहे. पावसाळी ढगाळ आकाशाचा नकाशा सुंदर आणि मऊ असतो, पण त्यात रफनेसमधला फरक कळत नाही. सगळीकडून सारखाच उजेड आला तर 0.3 आणि 0.5 रफनेसची समई जवळपास सारखीच दिसते. चमकीला स्पष्ट कड असलेला दिवा हवा, म्हणजे ती कड किती पसरली ते दिसतं. उलट उघड्या सूर्याचा नकाशाही नको. एका बारीक ठिपक्यात हजारोंच्या किंमती असतात, मग रेंडरमध्ये पांढरे कण उडतात आणि प्रत्येक प्रोग्राम तो ठिपका आपापल्या रीतीने दाबतो.

एकदाच मोजून फाइलमध्येच बसवणं

बिनरंगी नकाशा ब्लेंडरमध्ये लावा, तीव्रता 1. तो असा फिरवा की मोठा सॉफ्टबॉक्स कॅमेऱ्याच्या डाव्या खांद्यावरून येतोय. आता राखाडी गोळ्याच्या मध्यभागी लिनियर आकडा वाचा. समजा 0.27 आला. आपल्याला हवा 0.18. एक्स्पोजर किती उतरवायचं ते असं निघतं:

```
EV = log2(0.18 / 0.27) = -0.585
गुणक = 0.18 / 0.27 = 0.667
```

आता हे -0.585 तिन्ही प्रोग्राममध्ये एक्स्पोजरच्या खात्यात टाकायचा मोह होतो. करू नका. एक जण टाकेल, दुसरा विसरेल, तिसरा चिन्ह उलट लावेल. त्याऐवजी कंपोझिटरमध्ये नकाशाच 0.667 ने गुणा आणि `lookdev_neutral.hdr` म्हणून साठवा. आता सगळीकडे तीव्रता 1 आणि एक्स्पोजर 0 (किंवा पांढऱ्या खोलीत लिहून ठेवलेला आकडा), आणि गोळ्याच्या मध्यभागी 118. ज्याच्याकडे 118 नाही, त्याचं काहीतरी बिघडलंय हे स्क्रीनशॉटवरूनच कळतं.

मी `.hdr` च सांगतो, `.exr` नाही, याचं कारण साधं आहे. अनरियल लांबट एचडीआर फाइल आत घेताना तिचा थेट क्यूबमॅप बनवतं, आणि पेंटर व ब्लेंडर दोन्ही ती वाचतात. तिघांकडे एकच फाइल राहते.

क्रोमच्या गोळ्यात काय शोधायचं

राखाडी गोळा उजेड किती ते सांगतो, कुठून ते नीट सांगत नाही. तिन्ही प्रोग्रामची अक्षांची रीत वेगळी. पेंटरमध्ये वरची दिशा वाय, ब्लेंडर आणि अनरियलमध्ये झेड, त्यात अनरियल डावऱ्या हाताचं. त्यामुळे तोच नकाशा नव्वद अंशांनी फिरलेला असतो. तिन्ही स्क्रीनशॉट शेजारी ठेवून क्रोमच्या गोळ्यात सॉफ्टबॉक्सचा चौकोन घड्याळाच्या काट्याप्रमाणे वाचा. ब्लेंडरमध्ये दहाच्या जागी असेल तर बाकी दोघांत दहावर येईपर्यंत नकाशा फिरवा आणि तो कोन त्या प्रोग्रामच्या नमुना फाइलमध्ये कायमचा बसवा. दोन सॉफ्टबॉक्स वेगळ्या आकाराचे असले की आणखी एक गोष्ट कळते: मोठा डावीकडे आला पण लहान भलत्याच बाजूला गेला, तर नकाशा फिरलेला नाही, उलटा झालाय. फिरवून तो जुळणार नाही. प्रतिमाच आडवी पलटावी लागेल.

अनरियलमध्ये क्रोमचा गोळा आणखी दोन गोष्टी पकडतो. पहिली फार जणांना छळते. गोळ्याचा खालचा अर्धा भाग काळाकुट्ट आणि राखाडी गोळ्याचं पोटही काळं, बाकी दोन प्रोग्राममध्ये मात्र तिथे स्टुडिओची जमीन दिसतेय. स्काय लाइटमध्ये Lower Hemisphere Is Solid Color हे आपोआप चालू असतं आणि तो रंग काळा असतो. ते बंद करा. तुमची समई अनरियलमध्ये वर फिकी आणि खाली बैठकीपाशी काळी पडत असेल, तर हेच कारण असण्याची शक्यता दाट आहे, कारण समईच्या बैठकीची कड खालचंच दाखवते. दुसरी गोष्ट: गोळा आरशासारखा न दिसता धुकट दिसतो. स्काय लाइटचा Cubemap Resolution 128 वर असतो. तो 1024 करा. नाहीतर कोणीतरी त्या धुकटपणाला रफनेस समजून समईचा रफनेस उतरवून बसेल. स्काय लाइटचा Source Type अर्थातच `SLS Specified Cubemap` हवा आणि Mobility `Movable`, म्हणजे बेकिंगची वाट बघावी लागत नाही.

आता समई

गोळे जुळले. आता समई त्यांच्या शेजारी उभी करा. दोन गोळे आणि समई, एवढंच दृश्य. पितळेचा बेस कलर लिनियरमध्ये साधारण 0.91, 0.78, 0.42 असतो, हेक्समध्ये जवळपास `#F5E4AE`. हा रंग पॅलेटमध्ये फारच फिका, लोण्यासारखा वाटतो आणि इथेच लोक घाबरून तो गडद पिवळा करतात. तसाच राहू द्या. पितळ पिवळंधमक दिसतं ते एका वळणातून दुसऱ्या वळणावर पडलेल्या प्रतिबिंबातून, कारण प्रकाश दोनदा उडाला की निळा दोनदा कापला जातो. समईच्या दांड्यावर गाठी आहेत ना, त्यांच्या खाचांत बघा: ब्लेंडरच्या सायकल्समध्ये तिथे गडद मधासारखा रंग येतो. पेंटरचा व्ह्यूपोर्ट वस्तूचं वस्तूवर पडणारं प्रतिबिंब मोजत नाही, म्हणून तिथे खाचा फिक्या दिसतात. हा फरक खरा आहे, गोळ्यांनी तो मिटणार नाही आणि टेक्स्चरमध्ये खाचा पिवळ्या रंगवून तो मिटवायचाही नाही. तुलना बाहेर फुगलेल्या भागावर करा, जिथे फक्त आकाश दिसतं.

समजा दोन्ही गोळे तिन्हीकडे जुळले आणि तरीही अनरियलमधली समई जास्त लखलखीत दिसतेय. आता तुम्ही खात्रीने म्हणू शकता की प्रकाशाचा दोष नाही, टेक्स्चर आत आणताना काहीतरी झालंय. पेंटरमधून येणाऱ्या एकत्रित नकाशात रफनेस एका चॅनलमध्ये असतो. अनरियलने तो रंगाचा नकाशा समजून sRGB चालू ठेवलं, तर 0.5 रफनेस 0.214 म्हणून वाचला जातो आणि हाताळून मंद झालेली जुनी समई कालच घासून ठेवल्यासारखी दिसते. ती खूण काढली की झालं. ब्लेंडरमध्ये त्याच जागी प्रतिमेचं Color Space `Non-Color` हवं. ही चूक पकडायला मी तिसरा गोळा ठेवतो, पांढरा धातू, आणि त्याचा रफनेस स्लायडरने न देता 0.5 ची सपाट राखाडी प्रतिमा जोडून देतो. ती प्रतिमा समईच्याच वाटेने आत आलेली असते, म्हणून वाटेत जे बिघडतं ते त्या गोळ्यावरही बिघडतं. तिन्हीकडे त्याची चमक सारखी पसरली पाहिजे.

चिऱ्याची भिंत

भिंतीत वेगळी अडचण असते. चिऱ्याला बारीक भोकं असतात. ती नॉर्मल मॅपमध्ये येतात आणि ब्लेंडर ओपनजीएलची रीत पाळतं, अनरियल डायरेक्टएक्सची. हिरवा चॅनल उलट असतो. चुकीचा नकाशा लावला तर भोकांच्या जागी फोड दिसतात, भिंतीला देवी आल्यासारख्या. तुमच्याकडे उजेड वरून डावीकडून येतोय हे क्रोमच्या गोळ्याने सांगितलंच आहे. मग भोकाची वरची कड अंधारात आणि खालची कड उजळ हवी. उलटं दिसलं तर पेंटरमधून त्या प्रोग्रामसाठीचा वेगळा नॉर्मल मॅप काढा. उजेडाची दिशा ठाऊक नसताना हे डोळ्याने ठरवणं फसवं असतं, मेंदू भोक आणि फोड सहज बदलून घेतो.

चिऱ्याचा रंगही अंदाजाने ठरवू नका. फोंड्यात घर समोरच आहे तुमच्या. एक 18 टक्के राखाडी कार्ड विकत घ्या, सावलीत भिंतीला टेकवून रॉ फोटो काढा. कोरड्या भिंतीचा काढा. पावसात भिजलेला चिरा बराच काळपट होतो आणि ते वेगळं मटेरियल आहे. रॉ उघडताना कार्ड बिनरंगी आणि 118 येईल असं एक्स्पोजर बसवा, कॉन्ट्रास्टच्या सगळ्या रेषा सपाट ठेवा. त्या फोटोत चिरा जो आकडा देतो तो तुमच्या बेस कलरच्या अगदी जवळचा असतो. खरं कार्ड आणि खोटा गोळा दोन्ही 0.18, म्हणून अंगणातली भिंत आणि पडद्यावरची भिंत एकाच मापात मोजता येतात. कार्ड आणि भिंत एकाच प्रतलात, एकाच सावलीत हवीत, आणि लाल जमिनीपासून दोन-तीन फूट वर. नाहीतर जमिनीचा तांबूसपणा कार्डावर आणि भिंतीवर वेगवेगळा पडतो आणि फोटो खोटा ठरतो.

या सगळ्यानंतर ब्लेंडरचं AgX आणि अनरियलची टोनची रेषा परत चालू करा, कारण बघणाऱ्याला शेवटी तेच दिसणार. समई थोडी मवाळ होईल, राखाडी गोळा 118 वर राहणार नाही. ठीक आहे. त्या अवस्थेत मटेरियल बदलायचं नाही. रंग हवा तसा वाटला नाही तर ते ग्रेडिंगमध्ये बघा. तीन पडद्यांवरही फार भरवसा ठेवू नका. एकाच्या लॅपटॉपवर रात्रीचा पिवळा मोड चालू असतो, दुसऱ्याच्या मागे खिडकी असते. मोड बंद करा, पण वाद झाला तर ड्रॉपरचा आकडा धरा, पडदा नाही.

नमुना फाइल प्रत्येक प्रोग्रामची एक अशी तीन बनवा: तोच नकाशा, तोच कोन, तिन्ही गोळे, कॅमेरा पक्का. गोळे फ्रेमच्या डाव्या खालच्या कोपऱ्यात ठेवा, समई मध्ये. तिघांनी एकमेकांना जो स्क्रीनशॉट पाठवायचा तो त्याच फ्रेमचा, न कापलेला. गोळे नसलेल्या स्क्रीनशॉटवर मी मत देत नाही. तुम्हीही देऊ नका. पुढच्या वेळी समई कुठे बिघडली तर तीन प्रोग्रामचे तसे तीन स्क्रीनशॉट पाठवा आणि प्रत्येक राखाडी गोळ्याच्या मध्याचा आकडा सोबत लिहा. त्यावरून दोष प्रकाशात, दिशेत की टेक्स्चरमध्ये, हे लगेच सांगता येईल.